सात टक्के म्हणजे हजारी किती पोती? मातीच्या ब्लॉकच्या कामाच्या नोंदी, सोलापूर

२ डिसेंबर

अक्कलकोट रस्त्यावरच्या शेतात अप्पांसाठी दोन खोल्या बांधायच्या आहेत, त्याही माती-सिमेंटच्या दाबलेल्या ब्लॉकच्या. अप्पांचा पहिलाच प्रश्न होता, "हजार ब्लॉकला सिमेंट किती पोती लागणार ते सांग, म्हणजे मी पैशाचं बघतो." मी सिव्हिलचं काम रोज करते, पण हे उत्तर लगेच देता आलं नाही. मिस्त्री अण्णा म्हणाले, "सात टक्के टाकतात, म्हणजे हजाराला बारा पोती धरा." त्यांना बारा कुठून आले ते सांगता येईना. या वहीत तोच आकडा मुळापासून काढायचा आहे.

आज फक्त माती बघितली. शेताच्या खालच्या अंगाला काळी आहे, दोन-अडीच फूट खोल. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात तिला. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते, म्हणून सिमेंट तिला धरून ठेवू शकत नाही. अशा मातीला चुना लागतो आणि त्याचा हिशोब वेगळा. काळी बाजूला ठेवली. वरच्या अंगाला, विहिरीजवळ, काळीच्या खाली पिवळसर मऊ मुरूम लागतो. विहीर खणताना निघालेला त्याचा ढीग तिथंच पडून आहे. चुलत आजोबा म्हणाले, जुनी धाब्याची घरं गावच्या पांढरीच्या मातीनं बांधली, तीच आण. भिंतीसाठी पांढरी चांगलीच, त्या घरांनी ते दाखवून दिलंय. पण पांढरीत पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, कुजलेला काडीकचरा मिसळलेला असतो आणि सिमेंट घट्ट होण्याच्या आड तेच येतं. आजोबांना हे सांगितलं. ते "असेल बाबा" म्हणाले, पण पटलेलं दिसलं नाही.

५ डिसेंबर

दोन साध्या चाचण्या केल्या. काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश मुरूम, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. वाळू लगेच तळाला बसली, गाळ आणि चिकणमाती सावकाश वर थरली. नुसत्या मुरुमात वाळूचा थर निम्म्याहून थोडा जास्त भरला. सिमेंटच्या ब्लॉकला वाळूचं प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास असलेलं बरं. चिकणमाती थोडी हवीच, नाहीतर ताजा ब्लॉक साच्यातून उचलताना हातातच सुटतो.

दुसरी चाचणी आकसण्याची. आतून ६०० मिमी लांब, ४० मिमी रुंद आणि ४० मिमी उंच अशी लाकडी पेटी सुताराकडून करून घेतली होती. आतून तेल लावून ओली माती गच्च भरली आणि सुकू दिली. मातीचा दांडा किती आखडला ते टोकाला मोजायचं. ढिगाच्या वरच्या, काळी मिसळलेल्या मुरुमाचा दांडा ४१ मिमी आखडला. आतल्या स्वच्छ मुरुमाचा १९ मिमी. त्यात खडी क्रशरची कच मिसळली, मापानं तीन भाग मुरूम आणि एक भाग कच, तेव्हा ११ मिमी.

मिश्रण ठरलं. ढिगाचा वरचा हातभर थर काढून टाकायचा आणि तीनास एक कच घालायची. अण्णांना हे फार आवडलं नाही, कारण कच विकत आणावी लागते. पण आकसणारी माती घेऊन सिमेंट वाढवण्यापेक्षा कच घेणं केव्हाही स्वस्त.

९ डिसेंबर

आज खरा हिशोब. उद्या कोणी विचारलं तर पुन्हा शोधायला नको म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

भाड्यानं आणलेलं मशीन हातानं दाबायचं आहे. त्याचा साचा २३० × १९० × १०० मिमी, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या 'अस्त्र' गटानं विकसित केलेल्या मर्दिनी मशीनच्या मापाचा. एका ब्लॉकचं आकारमान २.३ × १.९ × १ डेसिमीटर, म्हणजे ४.३७ लिटर. हजार ब्लॉकचं ४,३७० लिटर.

सगळेजण टक्क्याबद्दल बोलतात, पण हिशोबाला आधी घनता लागते. तेवढ्याच साच्यात किती माल दाबून बसवला यावर सगळं अवलंबून आहे. आमच्यासारख्या मिश्रणाला मी सुकी घनता लिटरला १.८५ किलो धरली. मग हजार ब्लॉकचा सुका माल ४,३७० × १.८५ = ८,०८५ किलो, आणि एक ब्लॉक सुका ८.०८५ किलो.

या ८,०८५ किलोत माती आणि सिमेंट दोन्ही आहेत. सात टक्के म्हणजे सुक्या मातीच्या वजनाच्या सात टक्के, असं मी धरते. म्हणजे मातीचे १०० भाग, सिमेंटचे ७ आणि एकूण १०७. म्हणून माती ८,०८५ ÷ १.०७ = ७,५५६ किलो, आणि सिमेंट उरलेलं ५२९ किलो. ५० किलोच्या पोत्यानं १०.६ पोती.

पाच टक्क्यांना हेच १.०५ नं भागायचं. माती ७,७०० किलो, सिमेंट ३८५ किलो, म्हणजे ७.७ पोती. नऊ टक्क्यांना माती ७,४१७ आणि सिमेंट ६६८ किलो, म्हणजे १३.४ पोती. टक्का बदलला तरी माती फारशी हलत नाही, सातपासून दोन टक्के वर-खाली गेलं तर दीडशेएक किलोच इकडेतिकडे होते. सिमेंट मात्र एका टक्क्याला जवळजवळ दीड पोत्यानं वर-खाली होतं.

१० डिसेंबर

रात्री अण्णांच्या बारा पोत्यांचा उलगडा झाला. ते टक्का घमेल्यांनी मोजतात, मातीची शंभर घमेली आणि सिमेंटची सात. त्यात चूक काही नाही, ती आकारमानाची टक्केवारी झाली. पण सिमेंट मातीपेक्षा वजनदार आहे. सुट्या सिमेंटचं वजन लिटरला १.४४ किलो धरतात. चाळलेल्या सुट्या मातीचं १.२५ किलो धरलं, तर ७,५५६ किलो माती ६,०४० लिटर भरते. तिचे सात टक्के ४२३ लिटर, आणि तेवढं सिमेंट ६०९ किलो. म्हणजे १२.२ पोती.

म्हणजे अण्णांचे बारा आणि माझे साडेदहा, दोन्ही "सात टक्केच". वजनानं मोजलं तर अण्णांचे सात टक्के आठच्या थोडे वर जातात. फरक हजारी दीड पोत्याचा. त्यांना फोन करून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "ताई, मग आमचे ब्लॉक मजबूत निघायचे ते यामुळं." खरंच आहे ते.

आणखी एक घोळ मी इतरांच्या अंदाजपत्रकात बघितला आहे. काहीजण एकूण ८,०८५ चेच सात टक्के काढतात, ते ५६६ किलो येतात, ११.३ पोती. एकाच शब्दाला तीन उत्तरं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं: "टक्का = सिमेंट ÷ सुकी माती, वजनानं."

१४ डिसेंबर

वजनाचा हिशोब कागदावर सोपा. कामावर कोण प्रत्येक घमेलं काट्यावर ठेवणार? शिवाय घमेल्याचा भरवसा नाही. अण्णा शिगोशीग भरतात, कामावरच्या मावशी काठापर्यंत, आणि दुपारनंतर दोघांचीही घमेली हलकी होतात. म्हणून बिनबुडाची मापाची पेटी करायचं ठरवलं. जमिनीवर ठेवायची, भरायची, वरून फळी फिरवून सपाट करायची आणि पेटी उचलून घ्यायची. माल आपोआप खाली राहतो, वजन कोणाला उचलावं लागत नाही.

पेटी केवढी हवी ते घाणीवरून, म्हणजे एका वेळी कालवायच्या मालावरून ठरतं. पाणी पडल्यापासून सिमेंटचं घड्याळ सुरू होतं, म्हणून एका घाणीचा माल अर्ध्या-पाऊण तासात दाबून संपला पाहिजे. अख्ख्या पोत्याची घाण केली तर ती ९४ ब्लॉकची होते आणि आमच्या पाच माणसांना ती वेळेत संपवणं शक्य नाही. पाव पोतं ठरवलं, १२.५ किलो सिमेंट. त्याला सात टक्क्यांनी सुकी माती १७८.६ किलो लागते. त्यात वजनानं सत्तर टक्के मुरूम म्हणजे १२५ किलो, आणि तीस टक्के कच म्हणजे ५३.६ किलो.

पण ढिगातला मुरूम सुका नसतो. किलोभर मुरूम तव्यावर हलका भाजून पुन्हा तोलला. १०० ग्रॅम सुक्या मुरुमामागे ५ ग्रॅम पाणी निघालं, कचीत २. म्हणजे १२५ किलो सुक्या मुरुमासाठी काट्यावर १३१ किलो घ्यावा लागतो आणि कच ५४.६ किलो. मग बादलीनं सुटा माल तोलला. चाळलेला मुरूम लिटरला १.२ किलो भरला, कच १.५ किलो. मुरूम १०९ लिटर आणि कच ३६.४ लिटर, म्हणजे बरोबर तीन आणि एक. पेटी आतून ४० × ३५ × २६ सेंटिमीटरची केली, ती ३६.४ लिटरची होते. मुरुमाच्या तीन पेट्या, कचीची एक आणि पाव पोतं सिमेंट. हे मावशींनाही एकदाच सांगावं लागलं.

पाव पोतं मात्र नजरेनं करू दिलं नाही. सिमेंट काट्यावरच. १२.५ च्या जागी ११ पडलं तर सात टक्क्यांचे सहा होतात आणि ब्लॉककडे बघून कोणाला कळत नाही.

१५ डिसेंबर

अप्पांना माल ब्रासमध्ये सांगावा लागतो, ट्रॅक्टरवाला दुसरं काही ऐकत नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. हजार ब्लॉकला चाळलेला मुरूम ४.६३ घनमीटर लागतो. ५ मिमीच्या चाळणीतून आमच्या दहातली आठ घमेली खाली पडतात, बाकी गोटे आणि ढेकळं. म्हणून न चाळलेला ५.८ घनमीटर, जवळजवळ दोन ब्रास. कच अर्धा ब्रास आणि थोडी वर.

१७ डिसेंबर

चाचणीचे ब्लॉक केले. पाच, सात आणि नऊ टक्के, प्रत्येकी सहा. मिश्रण, पेटी, माणसं तीच, फक्त सिमेंट बदललं.

कोरडं मिश्रण एका रंगाचं होईपर्यंत तीनदा फावड्यानं पालटलं. मग झारीनं पाणी. मूठभर माल दाबून गोळा करायचा आणि मीटरभर उंचीवरून कोब्यावर सोडायचा. चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा पडला तर जास्त. आमची ओल सुक्या मालाच्या ११ टक्क्यांच्या आसपास जुळली. मातीतलं पाणी वजा जाता एका घाणीला १३ ते १४ लिटर, म्हणजे हजारी साधारण ५८० लिटर. क्युरिंगचं पाणी वेगळं.

या मशीनमध्ये झाकण बंद झालं की आकारमान ठरलेलं. दांडा कितीही जोरात ओढा, साचा तेवढाच राहतो. मग घनता ठरते ती फक्त आत किती वजनाचा माल टाकला यावर. सुका ८.०८५ किलो आणि त्यावर ११ टक्के पाणी, म्हणजे साच्यात ८.९७ किलो ओला माल पडला पाहिजे. मी ९ किलो ठरवला. तेवढाच माल मावेल असा पत्र्याचा डबा कापून घेतला. दांडा ओढताना दोघांना जोर लावावा लागला, अण्णा घामाघूम झाले. हाच जोर हवा आहे.

ब्लॉक दोन दिवस प्लास्टिकखाली, मग गोणपाट आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. इथल्या हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात गोणपाट तासाभरात सुकतं, म्हणून दुपारी तिसऱ्यांदा पाणी मारायचं मावशींनी स्वतःहून ठरवलं.

१८ जानेवारी

मधले दिवस सिद्धेश्वरांच्या गड्ड्याचे. माणसं यात्रेत, प्रयोगशाळाही बंद. आज शहरातल्या एका प्रयोगशाळेत ब्लॉक दाबून फोडले. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवले होते, कारण मातीच्या ब्लॉकची परीक्षा ओल्यातच होते. सुका ब्लॉक दुप्पट ताकद दाखवून फसवू शकतो.

सरासरी अशी आली: पाच टक्क्यांना २.१ मेगापास्कल, सातला ३.२, नऊला ४.१. सातच्या एका ब्लॉकनं तुटेपर्यंत चौदा टनांच्या आसपास भार घेतला.

अप्पांनी विचारलं, मग पाच का नको? भाराचा विचार केला तर पाचही पुष्कळ आहे. तीन मीटर उंच भिंतीच्या तळाशी स्वतःच्या वजनाचा दाब ०.०६ मेगापास्कलसुद्धा भरत नाही. छप्पर धरलं तरी दाब थोडाच वाढतो. सिमेंट घालायचं ते भारासाठी नाही, पाण्यासाठी. पाच टक्क्यांचे दोन ब्लॉक बुडवून काढल्यावर कोपऱ्याला बोटानं घासले तर माती हाताला लागली. सातचे स्वच्छ राहिले. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड थेट येते आणि अप्पांना बाहेरून गिलावा नको आहे. गिलावा करणार असते तर मी सहावर आले असते. नऊला हजारी पावणेतीन पोती जास्त लागतात आणि या घराला त्याची गरज नाही. सात कायम.

२० जानेवारी

कामाचे ब्लॉक सुरू. भिंतीचं क्षेत्र दारं-खिडक्या सोडून ८२ चौरस मीटर. १२ मिमी सांधा धरून चौरस मीटरला ३७ ब्लॉक लागतात, म्हणजे ३,०३४. कट आणि कोपरे धरून ३,२०० चांगले ब्लॉक हवेत. आज अकरा घाणी झाल्या, २५७ ब्लॉक. प्रत्येक घाणीला २३, क्वचित २४. कागदावर २३.६ होते.

२३ जानेवारी

मी दोन दिवस दुसऱ्या कामावर होते. परतले तर अण्णा खुशीत. "ताई, पोत्याला एकशेपाच काढले!" माझ्या हिशोबानं पोत्याला ९४ किंवा ९५ निघायला हवेत. दहा ब्लॉक जास्त म्हणजे सिमेंटची बचत, असं त्यांना वाटलं. कोणालाही वाटेल.

पेट्या मोजल्या, बरोबर होत्या. सिमेंटचा काटा बरोबर. मग ताजा ब्लॉक उचलून तोलला. ८.१ किलो.

पत्र्याचा डबा काठोकाठ भरण्याऐवजी दोन बोटं कमी भरला जात होता. दांडा हलका जातो, माणूस दमत नाही आणि ब्लॉक दिसायला तसाच निघतो. माप तेच, रंग तोच. ८.१ किलोतलं पाणी वजा केलं तर सुका माल ७.३ किलो, घनता लिटरला १.६७. सिमेंटचा टक्का अजूनही सातच आहे. फक्त प्रत्येक ब्लॉकमध्ये माती कमी, सिमेंट कमी आणि पोकळी जास्त. हजारी हिशोब केला तर ९.६ पोती येतात. टक्का कायम ठेवूनही पोतं वाचतं आणि ताकद मात्र त्याच वाटेनं निघून जाते.

अण्णांवर रागवायचं कारण नव्हतं. किती वजन हवं ते मी सांगितलं होतं, का हवं ते सांगितलं नव्हतं. दोघं बसलो. त्यांच्या हातात एक नऊ किलोचा आणि एक आठ किलोचा ब्लॉक दिला आणि ताज्या ब्लॉकच्या कडेवर अंगठा दाबायला सांगितलं. हलक्याची कड चुरली, जड ब्लॉकची नुसती ठसा घेऊन राहिली. त्यांनी डबा घेतला आणि आतून खिळ्यानं खूण केली. आजपासून दर दहावा ब्लॉक काट्यावर. ८.८ च्या खाली गेला तर मोडून त्याच घाणीत परत टाकायचा, वेळ टळायच्या आत.

हलके ब्लॉक सव्वाशेच्या आसपास निघाले. त्यांच्यावर खडूनं फुली मारली. ते आतल्या ओट्याला आणि कट्ट्याला वापरू, भिंतीला नाही. सहा ब्लॉक चाचणीला बाजूला काढले.

१२ फेब्रुवारी

काल रात्री अवकाळी सरी आल्या. ढीग झाकायचा राहिला, तो दोष माझा. सकाळी अण्णांनीच आधी ओळखलं, "आज घाणीला एकवीस-बावीसच भरतायत."

तव्यावर ओल तपासली. मुरूम ५ वरून ९ टक्क्यांवर, कच २ वरून ६ वर. मला वाटलं होतं ओला माल जड, पेटीत जास्त वजन बसेल. झालं उलटं. ओलसर माल फुगतो, कणांभोवतीच्या पाण्यामुळं ते एकमेकांना चिकटून सैल बसतात. मुरूम लिटरला १.१६ भरला, कच १.३८. पाणी वजा केलं तर तीन पेट्यांत १२५ च्या जागी ११६ किलोच सुका मुरूम, आणि कच ५३.६ च्या जागी ४७ च्या आसपास. सिमेंट तेच १२.५ किलो, म्हणून टक्का साडेसातच्या वर गेला. हजारी ५२९ किलोऐवजी ५७४ किलो.

ब्लॉक वाईट नाहीत, उलट थोडे चांगलेच. पण पोतं जास्त जातं, आणि पाणी नेहमीचं चौदा लिटर घातलं तर माल पातळ होतो. आज सहा लिटरच घातलं आणि गोळा टाकून खात्री केली. अकरा घाणींत २४० ब्लॉक झाले. ढीग पसरून सुकत घातला आहे.

१५ फेब्रुवारी

शेवटची घाण झाली. मोडलेले, कोपरा गेलेले धरून भिंतीसाठी दाबलेले एकूण ३,३१०. फुलीचे ब्लॉक यात नाहीत.

२१ फेब्रुवारी

हलके ब्लॉक फुटले. ओल्यात सरासरी २.० मेगापास्कल. सिमेंट सात टक्के असूनही पाच टक्क्यांच्या दाबून बसवलेल्या ब्लॉकपेक्षा कमी. अण्णा प्रयोगशाळेत सोबत आले होते. काट्यावरचा आकडा ते स्वतः वाचत होते आणि नंतर बराच वेळ बोलले नाहीत. परतताना एवढंच विचारलं की पुढच्या कामाला आपला स्वतःचा काटा घ्यावा का, किती रुपयांना मिळतो.

१ मार्च

पोत्यांचा ताळा. चाचणीचे आणि फुलीचे ब्लॉक वेगळे काढून सिमेंट लागलं ३७ पोती. ३,३१० ब्लॉकला हिशोबानं ३५. दोन पोती कुठं गेली ते शोधलं. दीड पोतं टाकून दिलेल्या मालात गेलं. जेवणाची सुट्टी लांबली किंवा मशीनचा दांडा अडकला की पाऊण तास झालेली घाण मी फेकायला लावली, अशा सहा घाणी. पावसाच्या दिवशी दहा किलो. उरलेलं फाटक्या पोत्यातून सांडलं.

चांगले ब्लॉक ३,२०० च. म्हणून कामावरचा खरा आकडा हजारी ५७८ किलो, साडेअकरा पोती. कागदावरच्या १०.६ ला मी यापुढं एक पोतं जोडून सांगणार. हे जोडलेलं पोतं तुटफूट आणि वाया जाणाऱ्या मालासाठी आहे, मिश्रणात जास्त टाकण्यासाठी नाही. ही गोष्ट अप्पांच्या वहीतही लिहून दिली.

६ मार्च

मोहोळहून मामेभावाचा फोन. त्याला कंपाउंडची भिंत करायची आहे. "तुझे ते साडेअकरा पोती हजारी, तेच धरू ना?" मी विचारलं, मशीन कोणतं? त्याच्याकडं २९० × १४० × ९० मिमीचा साचा आहे. आकारमान ३.६५ लिटर. घनता तीच धरली तर हजारी सुका माल ६,७६० किलो आणि सात टक्क्यांना सिमेंट ४४२ किलो, म्हणजे ८.८ पोती. तुटफूट धरून साडेनऊ. त्याचा मुरूम कसा आहे माहीत नाही, म्हणून आकसण्याची पेटी घेऊन रविवारी ये म्हटलं. येताना बादलीभर माती वरच्या थराखालची आण, आणि ताज्या ब्लॉकला साडेसात किलो वजन येतंय का ते आधी तोलून बघ, असं सांगितलं.